अंगठा पोचेल तिथपर्यंत

डावा हात वरच्या कडीत, उजव्या हातात फोन, पाठीवरची बॅग पोटावर. ठाण्याहून दादरला सकाळी उभ्याने जाणाऱ्या माणसाची ही ठरलेली मुद्रा. परवा माझ्यासमोर असाच एक तरुण उभा होता आणि त्याला कुठल्याशा ॲपमध्ये डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेषा दाबायच्या होत्या. ॲपची मांडणी करणं हा माझा धंदा, त्यामुळे अशा वेळी माझं लक्ष माणसाच्या चेहऱ्याकडे नसतं, अंगठ्याकडे असतं. आधी त्याने करंगळी फोनच्या तळाशी टेकवली. मग मूठ सैल करून फोन तळहातावर थोडा खाली सरकू दिला. मग अंगठा ताणला. अंगठ्याचं टोक कोपऱ्यापाशी पोचायच्या आतच त्याचा मांसल बुंधा पडद्याच्या उजव्या कडेला टेकला आणि भलतीच जाहिरात उघडली. ती बंद करायची तर पुन्हा वरच जायचं. शेवटी त्याने कडी सोडली, दुसरा हात फोनला लावला आणि नेमका त्याच वेळी गाडीने झटका दिला. तो शेजाऱ्याच्या खांद्यावर आदळला; फोन वाचला.

यात चूक कोणाची, हे मोजपट्टीने सांगता येतं. 2007 साली आलेल्या पहिल्या आयफोनचा पडदा साडेतीन इंचांचा होता. हे माप तिरकं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं. सरळ मोजलं तर उंची साधारण 74 मिलिमीटर आणि रुंदी 49. आज दुकानात सर्रास मिळणारा 6.7 इंची फोन घेतला तर उंची सुमारे 155 मिलिमीटर आणि रुंदी 70 भरते. म्हणजे पडदा दुपटीहून उंच झाला आणि अंगठा होता तेवढाच राहिला. त्या जुन्या फोनवर अंगठा चारही कोपरे फिरून येई, त्यामुळे बटण वर ठेवलं काय आणि खाली ठेवलं काय, फारसा फरक पडत नसे. वरच्या कोपऱ्यात मेनू ठेवायची सवय त्या काळातली आहे. फोन वाढले, सवय तिथेच राहिली.

अंगठ्याची हालचाल मनगटाजवळच्या सांध्यातून होते, म्हणून तो सरळ रेषेत नाही तर कमानीत फिरतो, मोटारीच्या काचेवरच्या वायपरसारखा. उजव्या हाताच्या माणसाला पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागातला मधला पट्टा सगळ्यात सोपा पडतो. डावा वरचा कोपरा सर्वांत अवघड. उजवा खालचा कोपरा अंगठ्याच्या अगदी जवळ असूनही सोपा नाही, कारण तिथे टोक टेकवायला अंगठा दुमडावा लागतो. ‘खाली म्हणजे सोपं’ ही समजूत म्हणूनच अर्धीच खरी.

लोक फोन धरतात कसा, हे स्टीव्हन हूबर नावाच्या अमेरिकन डिझायनरने 2013 मध्ये प्रसिद्ध केलं. रस्त्यावर, स्टेशनवर, बसमध्ये त्याने 1,333 लोकांचं निरीक्षण केलं होतं. फोन पडद्याला स्पर्श करून वापरणाऱ्यांपैकी 49 टक्के लोक एकाच हाताने वापरत होते, 36 टक्के एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने दाबत होते आणि 15 टक्के दोन्ही अंगठे चालवत होते. पण या आकड्यांपेक्षा मला त्याचं दुसरं म्हणणं महत्त्वाचं वाटतं: माणूस एकाच पद्धतीने धरून बसत नाही, तो सतत पकड बदलत असतो. लोकलमधल्या त्या तरुणाने अर्ध्या मिनिटात तीन वेळा बदलली. मांडणी करणाऱ्याने जमेल तिथे ती बदलायची वेळ येऊ देऊ नये, एवढीच अपेक्षा.

आता त्या तीन रेषांबद्दल. त्या दाबल्या की डावीकडून एक पट्टी सरकत येते, टेबलाचा खण ओढावा तशी, म्हणून तिला ड्रॉवर म्हणतात. रेषांचं ते चिन्ह नॉर्म कॉक्स याने झेरॉक्सच्या ‘स्टार’ या संगणकासाठी काढलेलं. हा संगणक 1981 चा. तेव्हा ते माउसने दाबायचं होतं आणि माउसला सगळे कोपरे सारखेच. दुसरा प्रकार म्हणजे पडद्याच्या तळाशी कायम दिसणारी तीन ते पाच खुणांची पट्टी, म्हणजे टॅब.

आयफोनवर ही खालची पट्टी सुरुवातीपासून होती. अँड्रॉइडवर मात्र गूगलने 2012 च्या आपल्या नियमावलीत खालच्या टॅबना चक्क मनाई केली होती. त्यामागचं कारण चुकीचं नव्हतं. अँड्रॉइड फोनच्या तळाशी मागे जाण्याची आणि होमची बटणं आधीच होती. त्यांच्या डोक्यावर आणखी एक पट्टी बसवली तर बोट चुकणारच. म्हणून टॅब वर गेले, उरलेलं सगळं ड्रॉवरमध्ये गेलं, आणि 2013 च्या सुमारास जो तो ड्रॉवरवाला झाला. त्याच वर्षी फेसबुकने मात्र आयफोनवरचा आपला ड्रॉवर काढून खाली टॅब आणले. 2016 साली गूगलनेही नियम फिरवला आणि तीन ते पाच खुणांची खालची पट्टी आपल्या नियमावलीत घेतली. आपल्या सगळ्यांच्या हातातल्या व्हॉट्सॲपने अँड्रॉइडवरचे वरचे टॅब खाली आणले ते थेट 2024 मध्ये. आयफोनवाल्यांकडे ते वर्षानुवर्षं खालीच होते. तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस ‘माझे चॅट कुठे गेले’ हाच विषय होता.

इथपर्यंत वाचून वाटेल की प्रश्न अंतराचा आहे आणि तो सोपा आहे: वरचं खाली आणा, काम झालं. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. एका पतसंस्थेच्या कामात डोळे उघडले.

तालुक्याच्या गावातली पतसंस्था. तिचे पिग्मी एजंट बाजारपेठेत दुकानोदुकानी फिरून रोजची बचत गोळा करतात, त्यांच्यासाठीचं ॲप. ते आधी कोणीतरी बनवलेलं होतं आणि एजंट ते वापरायला कंटाळत, म्हणून मला बोलावलं. ॲप उघडलं की वर पतसंस्थेचं बोधचिन्ह, खाली शुभेच्छांचं चित्र, आणि डाव्या कोपऱ्यात तीन रेषा. त्या दाबल्या की चौदा ओळी: आजची यादी, नवीन जमा, राहिलेले ग्राहक, पावत्या, आजची बेरीज, भरणा, मागील नोंदी, नवीन खाते, प्रिंटर जोडणी, व्याजदर, भाषा, पिन बदला, मदत, लॉगआउट.

मी एका सकाळी पन्नाशीतल्या एका एजंटबरोबर वही घेऊन फिरलो. बाजारात सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणू लागलो. पिग्मी एजंटचा डावा हात कधीच मोकळा नसतो. त्यात नोटा असतात आणि खांद्याला बॅग. फोनवरचं जे काही चालायचं ते उजव्या अंगठ्यानेच. किराणा दुकानदार गल्ल्यातून शंभराची नोट काढून देईपर्यंत काकांनी ग्राहकाचं नाव उघडून ठेवलेलं असायला हवं, कारण नोट दिली की तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. पण प्रत्येक दुकानात काका आधी नोटांची गड्डी बगलेत धरत, दोन्ही हात फोनला लावत, कोपरा दाबत, यादी उघडत. दुकानदार तोवर साखर मोजू लागलेला.

हे अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हती ती खिशातली डायरी. प्रत्येक दुकानातून निघाल्यावर काका तीत एक टिचकी करत. विचारलं, हे कशाला? म्हणाले, “अहो, कोण राहिलं ते कळायला नको का? संध्याकाळी परत फेरी मारावी लागते.”

“काका, ते ॲपमध्ये आहे की. राहिलेले ग्राहक.”

“कुठं?”

मी ड्रॉवर उघडून तिसरी ओळ दाखवली. त्यांनी ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “हे मला कोणी सांगितलंच नाही.” वर्षभर ते दिवसातून पन्नास वेळा तो ड्रॉवर उघडत होते. डोळा पहिल्या ओळीवर जायचा, अंगठा ती दाबायचा, ड्रॉवर मिटायचा. तिसऱ्या ओळीपर्यंत वाचत जाण्याचं काही कारणच नव्हतं.

ड्रॉवर लांब आहे हा त्याचा एक दोष. जे आत आहे ते डोळ्यांसमोर राहत नाही, हा दुसरा, आणि तो मोठा. घरात माळ्यावर टाकलेल्या वस्तूचं जे होतं तेच: ती असते, पण नसल्यासारखी. निल्सन नॉर्मन ग्रुप या अमेरिकन सल्लागार संस्थेने 2016 मध्ये 179 लोकांकडून वेबसाइट वापरून घेतल्या. मोबाइलवर मेनू पूर्ण लपवलेला असेल तर 57 टक्के वेळा लोकांनी तो वापरला. काही दुवे समोर आणि बाकीचे लपवलेले असतील तर 86 टक्के वेळा. इथे अंगठ्याचा प्रश्न नव्हता, दिसण्याचा होता. म्हणूनच तीन रेषांचं चिन्ह नुसतं उचलून खाली उजवीकडे ठेवणं हा तोडगा मला पटत नाही. त्याने अंतर मिटतं, अंधार तसाच राहतो.

मग चौदातून किती निवडायचे? मी वहीत प्रत्येक दुकानासमोर काकांनी काय उघडलं ते लिहून ठेवलं होतं. यादी आणि जमा प्रत्येक दुकानात, पावती अधूनमधून कोणी मागितली तर, बेरीज आणि भरणा दुपारी शाखेत. बाकी काहीच नाही. प्रिंटर सकाळी एकदा जोडला की संपलं, पिन वर्षातून एकदा. म्हणून चार टॅब ठरले: यादी, पावत्या, बेरीज, अधिक. ‘राहिलेले’ला वेगळा टॅब दिला नाही. तो यादीच्याच पडद्यावर ‘सगळे’च्या शेजारी बसवला, कारण काकांच्या डोक्यात त्या दोन गोष्टी नव्हत्या, एकाच यादीच्या दोन बाजू होत्या. भरणा बेरजेच्या पडद्यात गेला. उरलेल्या सगळ्या ओळी ‘अधिक’मध्ये. ते दाबलं की ती पट्टी खालून अर्ध्या पडद्यापर्यंत वर येते, म्हणजे तिथेही अंगठा पोचतो.

नवीन मांडणी पाहून अध्यक्षसाहेब म्हणाले, “खाली एवढी जागा आहे, आमची नवीन ठेव योजना बसवा की तिथं.” मग व्यवस्थापकांना व्याजदर हवे होते. ड्रॉवरची खरी लोकप्रियता इथे कळते. ड्रॉवरमध्ये पंधरावी ओळ घालायला कोणाशी भांडावं लागत नाही. टॅबमध्ये पाचवा घालायचा तर कोणाला तरी नाही म्हणावं लागतं. पुष्कळ ॲपांत ड्रॉवर टिकून आहे तो अंगठ्यामुळे नाही, बैठकीतल्या शांततेमुळे.

मी त्यांना मोजून दाखवलं. 70 मिलिमीटर रुंदीत चार टॅब म्हणजे प्रत्येकाला साडेसतरा मिलिमीटर, सहा केले तर सुमारे 11.7. पर्ही, कार्लसन आणि बेडरसन या तिघांनी 2006 साली एका हाताच्या अंगठ्याने दाबायची चाचणी घेतली होती. त्यात एकेकटं बटण दाबायला सुमारे 9.2 मिलिमीटरचा चौकोन पुरेसा ठरला. तेव्हा नुसतं बोट पाहिलं तर सहा टॅबही चालले असते. अडतं ते नावावर. टॅबखालचं नाव इंग्रजीसाठी ठरलेल्या बारीक अक्षरात बसवतात. देवनागरीला वर रफार आणि मात्रा, खाली उकार लागतो. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवली तर ‘कर्ज’चा रफार छाटला जातो आणि ‘सूचना’चा ऊकार पट्टीबाहेर जातो. शिवाय काकांसारखे पन्नाशीचे लोक फोनचं अक्षर सगळ्यात मोठं करून ठेवतात. काकांच्याच फोनवर मी सहा टॅबची आवृत्ती घालून अध्यक्षांसमोर धरली. ‘पावत्या’च्या जागी दिसत होतं ‘पाव…’. साहेब हसले आणि योजना बेरजेच्या पडद्यावर एका चौकटीत गेली.

नाव काढून नुसतं चित्र ठेवावं, असंही कोणी सुचवतं. घर आणि भिंग सोडलं तर चित्रावरून अर्थ लागेलच असं नसतं. ‘भरणा’चं चित्र काढून दाखवा, मग बोलू.

खालच्या पट्टीची दुखणी मात्र मला नंतर कळली, आणि ती माझ्याच चुकीने. पहिल्या आवृत्तीत रक्कम टाकायच्या पडद्यावर ‘जमा करा’ हे बटण मी टॅबच्या अगदी वर ठेवलं होतं, अंगठ्याला सोयीचं म्हणून. घाईत अंगठा थोडा खाली घसरला की ‘बेरीज’ उघडायची आणि टाकलेली रक्कम पुसली जायची. काकांनी एकदा तीच रक्कम तीनदा टाकली आणि मग मला फोन केला. काय बोलले ते छापण्यासारखं नाही. त्यानंतर दोन गोष्टी केल्या. रक्कम टाकायच्या पडद्यावर टॅब दिसतच नाहीत. तिथे अंकांचा कीपॅड, एक मोठं बटण आणि मागे जायचा बाण, बस्स. आणि टॅब बदलला तरी अर्धवट भरलेलं जसंच्या तसं राहतं. हे दुसरं फुकट मिळत नाही, प्रोग्रामरला वेगळं करावं लागतं. म्हणून कोणतंही ॲप पारखताना मी आधी हेच बघतो: यादी अर्धी खाली सरकवायची, दुसऱ्या टॅबवर जायचं, परत यायचं. यादी पुन्हा पहिल्या नावापासून सुरू झाली तर काम अर्धवट आहे.

गूगलची ती जुनी भीतीही अजून खोटी ठरलेली नाही. स्वस्त फोनवर तळाला तीन बटणांची पट्टी असते. तिच्यावर टॅब, टॅबवर बटण, असे तीन थर एकावर एक येतात आणि ‘बेरीज’ दाबायला गेलेला अंगठा होम दाबून ॲपच्या बाहेर पडतो. नवीन फोनवर ती बटणं गेली, पण खालून वर बोट सरकवलं की ॲप मिटतं. तळाशी थोडी मोकळी जागा सोडणं, एवढाच उपाय आहे, आणि ती जागा मजकुराच्या वाट्यातून जाते.

बाजू सरकवून ड्रॉवर उघडता येतो ना, मग कोपऱ्यापर्यंत जायचंच कशाला, असं एक उत्तर पूर्वी मिळे. 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून कडेवरून बोट आत सरकवलं की फोन मागे जातो. ड्रॉवर उघडायला गेलेला माणूस आधीच्या पडद्यावर जाऊन पडतो. ती वाट जवळजवळ बंद झाली.

म्हणजे ड्रॉवर मोडीत काढायचा का? जीमेल उघडा. टपालाची लेबलं कोणी पाच करतो, कोणी पन्नास. ती यादी वापरणाऱ्याने स्वतः वाढवलेली असते आणि टॅबमध्ये मावणं शक्यच नसतं. शिवाय स्वतः केलेलं लेबल माणसाला आठवतं, म्हणून ते आत असलं तरी हरवत नाही. तिथे ड्रॉवर बरोबर आहे. लांबलचक वाचनाच्या ॲपमध्येही तळाची पट्टी सतत दिसत राहण्यापेक्षा पूर्ण पडदा मजकुराला दिलेला बरा. माझी कसोटी अशी: दिवसातून अनेकदा लागणारं खाली आणि उघड्यावर, महिन्यातून एकदा लागणारं आत.

आणि एक गोष्ट मी मुद्दाम लांब ठेवतो. पतसंस्थेच्या ॲपमधलं ‘पावती रद्द करा’ अगदी वर, डाव्या कोपऱ्यात आहे. चालता चालता ते कोणाकडून दाबलं जाऊ नये. ज्याला खरंच रद्द करायची आहे त्याने थांबावं, नोटा खिशात ठेवाव्यात आणि दुसरा हात लावावा. एजंटांनी याबद्दल तक्रार केली तेव्हा मी फक्त मान डोलावली.

सवयीचं मात्र काही सांगता येत नाही. 2021 मध्ये ॲपलने आयफोनच्या सफारीत पत्त्याची पट्टी खाली आणली. अंगठ्याच्या दृष्टीने ते योग्यच होतं. तरी चाचणीच्या काळात एवढी ओरड झाली की ॲपलला मांडणी बदलावी लागली आणि पट्टी परत वर नेण्याची सोय द्यावी लागली. डोळे वर्षानुवर्षं जिथे जातात तिथून त्यांना हलवायला अंगठ्याची सोय पुरत नाही.

तुम्ही वापरता ती सगळी ॲपं कोणी तुमच्यासाठी नव्याने मांडणार नाही, तेव्हा तोवर एवढं करून ठेवा. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात टच, आणि तिथे रीचेबिलिटी सुरू करा. मग पडद्याच्या अगदी तळाशी बोट हलकेच खाली ओढलं की वरचा भाग सरकून अंगठ्यापाशी येतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर हेच ‘वन-हँडेड मोड’ या नावाने मिळतं. सेटिंग्जच्या शोधपट्टीत तेवढं नाव टाकलं की सापडेल. ही शोधपट्टी बहुतेक फोनवर सगळ्यात वर असते, त्यामुळे तेवढ्यापुरता दुसरा हात लावा. लोकलमध्ये नको, घरी बसून.